एकाच रॅकवर दोन मालक

कन्साइनमेंट स्टॉक म्हणजे ताबा एकाकडे आणि मालकी दुसऱ्याकडे असलेला माल. नाव इंग्रजी असले तरी व्यवहार इथल्या बाजारपेठेला नवा नाही. सराफ, हिऱ्यांचे व्यापारी आणि कापडवाले 'जांगड' माल देतात-घेतात तो हाच प्रकार. माल घेऊन जावा, गिऱ्हाइकाला दाखवावा, खपला तर पैसे चुकते करावेत, नाहीतर जसाच्या तसा परत आणून द्यावा. तोपर्यंत माल देणाऱ्याचाच. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम २४ मध्येही हेच तत्त्व आहे. 'विक्री किंवा परत' या बोलीवर दिलेल्या मालाची मालकी, घेणाऱ्याने पसंती कळवली किंवा ठरलेली मुदत उलटूनही माल परत केला नाही, तेव्हाच बदलते.

जांगडाची नोंद चिठ्ठीवर होत असे. आज ती ईआरपीत होते, आणि अडचण तिथेच सुरू होते. ईआरपी म्हणजे खरेदी, स्टोअर, उत्पादन, विक्री आणि हिशेब यांना एकाच धाग्यात ओवणारी संगणकप्रणाली. तिचा मोठा गुण असा की स्टोअरकीपरने माल आल्याची एक नोंद केली, की हिशेबाची नोंद आपोआप पडते. अकाउंट्सवाल्याला वेगळे काही लिहावे लागत नाही. साध्या मालाला हे सोयीचेच आहे. पण आलेला माल आपला नसेल, तर हीच आपोआप पडणारी नोंद खोटी ठरते. म्हणून प्रत्येक ईआरपीत 'किती माल आहे' आणि 'तो कुणाचा आहे' हे दोन प्रश्न वेगळे ठेवण्याची काहीतरी तजवीज असते. ओडू या प्रणालीत पावतीवर मालकाचा रकाना असतो. टॅलीत गोदामालाच 'दुसऱ्याचा माल आपल्याकडे' किंवा 'आपला माल दुसऱ्याकडे' अशी खूण करता येते. मोठ्या कारखान्यांत आढळणाऱ्या सॅपमध्ये साठ्याच्या ओळीलाच एक अक्षर चिकटते. पुढचे विवेचन सॅपच्या आधाराने केले आहे, कारण तिथे प्रत्येक पायरी सुटी दिसते.

आधी साध्या मालाची वाट पाहू. चाकणच्या एखाद्या गिअरबॉक्स बनवणाऱ्या कारखान्याने २०० बेअरिंग विकत घेतली, असे समजा. बेअरिंग गेटवर उतरली, मोजली गेली आणि जीआरएन झाला. त्याच क्षणी दोन खाती हलतात. साठ्याचे खाते वाढते, आणि समोर 'माल आला, बिल यायचे आहे' अशा अर्थाच्या मधल्या खात्यात तेवढीच रक्कम जमा होते. या मधल्या खात्याला सगळे जीआर-आयआर म्हणतात. पुढे पुरवठादाराचे बिल आले, की तिथली रक्कम उचलून त्याच्या खात्यावर टाकली जाते. बेअरिंग उत्पादनाला दिले, की साठा कमी होऊन खर्च वाढतो. आल्या दिवसापासून वापरल्या दिवसापर्यंत माल कारखान्याचा आहे आणि ताळेबंदात त्याला किंमत आहे.

आता त्याच बेअरिंगचा पुरवठादार म्हणतो, 'माझी १,००० बेअरिंग तुमच्या स्टोअरमध्ये ठेवतो. जेवढी वापराल तेवढ्यांचेच पैसे द्या.' कारखान्याला हे हवेच असते. लाइन थांबण्याची धास्ती जाते आणि साठ्यात पैसा अडकत नाही. पुरवठादाराचा पैसा मात्र अडकतो. त्याच्या बदल्यात त्याला धंद्याची खात्री मिळते. हा सौदा बहुधा मोठ्या गिऱ्हाइकाच्या बाजूला झुकलेला असतो, हे इथे सांगून टाकायला हरकत नाही.

या मालाची खरेदी ऑर्डर निघते, पण ओळीवर `K` हा प्रकार टाकलेला असतो आणि ऑर्डरवर दर नसतो. दर वेगळ्या नोंदीत, म्हणजे त्या पुरवठादाराच्या त्या वस्तूसाठी केलेल्या कन्साइनमेंट इन्फो रेकॉर्डमध्ये असतो. या उदाहरणात तो २४० रुपये धरू. माल आल्यावर जीआरएन नेहमीच्याच `101` या मूव्हमेंट टाइपने होतो, पण सोबत `K` असतो. मालाचा दस्तऐवज तयार होतो, नग वाढतात, पण हिशेबाचा दस्तऐवज तयारच होत नाही. साठा दाखवणाऱ्या स्क्रीनवर आता दोन ओळी दिसतात: स्वतःचे २०० आणि कन्साइनमेंटचे १,०००. नियोजनाच्या दृष्टीने बाराशे बेअरिंग हाताशी आहेत आणि प्रणाली नवी मागणी काढताना ती सगळी मोजते. हिशेबाला मात्र त्यातली दोनशेच दिसतात. `MB54` या स्क्रीनवर फक्त पुरवठादारांचा माल पाहता येतो.

पैसा हलतो तो वापराच्या वेळी. उत्पादन ऑर्डरसाठी ३०० बेअरिंग कन्साइनमेंटमधून दिली, की मालकी बदलणे आणि माल वापरला जाणे या दोन्ही गोष्टी एकाच नोंदीत उरकतात. या कारखान्याने बेअरिंगची प्रमाण किंमत वर्षारंभी २५० रुपये ठरवलेली आहे. त्यामुळे उत्पादनावर ३०० गुणिले २५०, म्हणजे ७५,००० रुपये खर्च पडतो. पुरवठादाराचे देणे त्याच्या दराने, म्हणजे ७२,००० रुपये उभे राहते. उरलेले ३,००० रुपये फरकाच्या वेगळ्या खात्यात जातात. जीआर-आयआर खात्याचा इथे काही संबंध येत नाही; देणे थेट कन्साइनमेंट देण्याच्या खात्यात बसते.

दर कोणत्या दिवसाचा धरायचा, यावर पुरवठादाराशी हमखास वाद होतो. माल जानेवारीत २४० च्या दराने आला, मार्चमध्ये दर २५५ झाला आणि बेअरिंग एप्रिलमध्ये वापरले, तर सॅप २५५ धरते. माल आला तेव्हा मालकी बदललीच नव्हती, मग त्या दिवसाचा दर धरायचे कारण नाही, हा त्यामागचा तर्क. तर्क बिनतोड आहे, पण दरवाढीच्या आधी भरपूर माल आणून ठेवला म्हणून निर्धास्त बसलेल्या खरेदी खात्याच्या तो पचनी पडत नाही.

आठवड्याच्या किंवा महिन्याच्या शेवटी `MRKO` या स्क्रीनवरून हिशेब मिटवला जातो. तोवर वापरलेल्या सगळ्या नगांची यादी निघते आणि देणे पुरवठादाराच्या खात्यावर चढते. परदेशात काही ठिकाणी एवढ्यावर काम भागते, कारण तिथे खरेदीदारच पुरवठादाराच्या वतीने बिल बनवू शकतो. भारतात कारखान्याला जीएसटीचे क्रेडिट हवे असेल, तर पुरवठादाराचे स्वतःचे टॅक्स इन्व्हॉइस हातात असावे लागते. म्हणून वापराची यादी त्याला पाठवायची, त्याने इन्व्हॉइस काढायचे आणि ते या हिशेबाशी जुळवायचे, अशी एक जादा फेरी इथे होते.

जीएसटी कायद्याची आणखी एक अट ईआरपीला आपसूक कळत नाही. पसंतीवर किंवा परतीच्या बोलीवर पाठवलेल्या मालासाठी कलम ३१(७) मध्ये सहा महिन्यांची मर्यादा आहे. विक्री झाली त्या वेळी, किंवा माल निघाल्यापासून सहा महिने झाले तेव्हा, यांतले जे आधी येईल तोवर इन्व्हॉइस निघालेच पाहिजे. फारसे न खपणारे बेअरिंग सात महिने रॅकवर पडून राहिले, तर सॅपच्या लेखी ते अजूनही पुरवठादाराचे असते, पण करापुरता त्याचा पुरवठा होऊन गेलेला असतो. यावर उपाय साधा आहे. माल आल्याची तारीख बॅचवर ठेवायची आणि पाचव्या महिन्यात यादी काढून तो एकतर परत पाठवायचा, नाहीतर विकत घ्यायचा. विकत घेण्यासाठी `411` हा मूव्हमेंट टाइप `K` सह वापरतात. त्याने माल जागचा हलत नाही, फक्त कन्साइनमेंटच्या ओळीतून स्वतःच्या ओळीत येतो आणि त्याच क्षणी पुरवठादाराचे देणे उभे राहते. वस्तूची किंमत प्रमाण नसून चालती सरासरी असेल, तर नवा माल जुन्यात मिसळून सरासरीही बदलते.

गोंधळ होतो तो बहुतेक वेळा माल घेताना नव्हे, तर देताना. स्टोअरमध्ये दोन्ही मालकांची बेअरिंग एकाच रॅकवर, कधी एकाच बिनमध्ये असतात. गिअरबॉक्स तयार झाल्याची नोंद केली, की त्यात लागणारे सुटे भाग आपोआप वजा करण्याची पद्धत अनेक कारखान्यांत आहे. तिला बॅकफ्लश म्हणतात. हा बॅकफ्लश कोणत्या ओळीतून वजा करणार? आधी कन्साइनमेंट, मग स्वतःचा, असा नियम प्रणालीत स्टॉक डिटरमिनेशन या नावाने मांडून ठेवावा लागतो. तो मांडला नसेल, तर सॅप स्वतःच्या मालालाच हात घालते.

असे झाले की काय दिसते, ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. समजा महिन्याभरात एकूण ४२० बेअरिंग वापरली गेली आणि ती सगळी पुरवठादाराच्या खोक्यांतून निघाली. त्यांपैकी ३०० ची नोंद नीट कन्साइनमेंटमधून झाली. दुसऱ्या लाइनवर नियम मांडलेला नव्हता, म्हणून तिथली १२० बॅकफ्लशने स्वतःच्या खात्यातून वजा केली. आता प्रणाली सांगते, कन्साइनमेंट ७००, स्वतःचे ८०, एकूण ७८०. रॅकवर मोजले तर भरतात ७८०. मोजणी करणारा समाधानाने सही करतो. महिन्याने पुरवठादाराचा माणूस येऊन आपली सीलबंद खोकी मोजतो आणि त्याला ५८० च सापडतात. १२० बेअरिंग वापरली गेली, पण त्यांचे २८,८०० रुपये त्याला मिळालेलेच नाहीत. कारखान्याच्या ताळेबंदातही साठा ३०,००० रुपयांनी कमी दिसतो आहे. म्हणून अशा मालाची मोजणी एकूण नगांवर करून चालत नाही. ती ओळीगणिक आणि मालकागणिक करावी लागते. त्यासाठी पुरवठादाराचा लॉट नंबर किंवा वेगळा बिन लागतोच. दुरुस्ती करताना ती १२० ची चुकीची नोंद उलटवून पुन्हा `K` सह करायची, म्हणजे साठा, देणे आणि दराचा फरक तिन्ही आपापल्या जागी बसतात.

हीच चूक दुसऱ्या रूपानेही समोर येते. स्वतःच्या ओळीत ८० च उरलेली असताना बॅकफ्लश १०० मागतो आणि फसलेल्या नोंदींच्या `COGI` या यादीत लाल ओळ येते: माल अपुरा. रॅक भरलेला आहे, स्क्रीन म्हणते माल नाही. महिनाअखेर असते, कुणीतरी घाईने `411` करून कन्साइनमेंटचा सगळा साठा स्वतःकडे ओढून घेतो आणि लाल ओळ जाते. पण गरज शंभराची असताना प्रणालीतली सातशेच्या सातशे बेअरिंग विकत घेतली गेली आणि १,६८,००० रुपयांचे देणे उभे राहिले. कन्साइनमेंट ज्यासाठी घेतली, तो फायदा एका क्लिकमध्ये संपतो.

याच्या उलट चूक गेटवर होते. ऑर्डरवर `K` टाकायचे राहिले तर माल स्वतःचा म्हणून चढतो, साठ्याला किंमत येते आणि जीआर-आयआर खात्यात रक्कम अडकते. बिल वापरानंतरच येणार असल्याने ती महिनोन्‌महिने मिटत नाही. त्या खात्यात एकाच पुरवठादाराच्या, बिल न आलेल्या जुन्या रकमा साचल्या असतील, तर पहिला संशय इथे घ्यावा.

रॅकवरून बेअरिंग हरवले तर कुणाचे नुकसान? माल विक्री कायद्याचे कलम २६ सांगते, की वेगळे ठरलेले नसेल तर जोखीम मालकीसोबत जाते. म्हणजे नुकसान पुरवठादाराचे. मात्र ज्याच्या ताब्यात माल आहे, त्याने १८७२ च्या करार कायद्यानुसार, सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या मालाची घेईल तेवढी काळजी घेतली पाहिजे. प्रत्यक्षात करारात 'मोजणीत कमी भरले तर ते वापरले असे समजू' अशी ओळ असते आणि तूट कारखान्याच्या खर्चात जाते. विमा कुणाच्या नावावर आहे हे आधी पाहिलेले बरे. माल दुसऱ्याचा म्हणून कारखान्याने आणि माल दुसऱ्याकडे म्हणून पुरवठादाराने सोडून दिला, तर तो कुणाच्याच पॉलिसीत नसतो.

हेच चित्र माल ठेवणाऱ्याच्या बाजूने पाहिले की उलटे दिसते. हाडांच्या शस्त्रक्रियेत लागणारे कृत्रिम सांधे याचे ठळक उदाहरण आहे. गुडघा बदलताना नेमका कोणता साइझ बसेल हे शस्त्रक्रिया चालू असताना ठरते, म्हणून वितरक सगळ्या साइझचा संच रुग्णालयात ठेवतो. त्यातला एक वापरला जातो, बाकीचे पुढच्या रुग्णासाठी राहतात. वितरकाच्या सॅपमध्ये हा माल गोदामातून निघून त्या रुग्णालयाच्या नावाच्या `W` या ओळीत जातो. या पायरीवर बिल होत नाही, डिलिव्हरी चलन निघते, आणि मालाची किंमत वितरकाच्या ताळेबंदातून कमी होत नाही. सांधा वापरल्याचे कळले, की वापराची वेगळी ऑर्डर होते, साठा कमी होतो, बिल निघते आणि विक्री धरली जाते. न वापरलेला माल परत उचलण्याची आणि वापरलेला म्हणून बिल झालेला परत घेण्याची नोंदही वेगवेगळी असते. पहिल्या पायरीलाच बिल करून विक्री दाखवण्याचा मोह तिमाहीअखेरीला अनेकांना होतो. इंड एएस ११५ या मानकात त्याला वाव नाही. ठरलेली घटना घडेपर्यंत माल विक्रेत्याच्या नियंत्रणात असेल, तो परत मागण्याचा त्याला हक्क असेल आणि घेणाऱ्यावर पैसे देण्याचे बिनशर्त बंधन नसेल, तर ती कन्साइनमेंट समजावी आणि विक्री धरू नये, असे ते मानक सांगते. ऑडिटरही बाहेर ठेवलेल्या मालासाठी ताबा असलेल्याकडून लेखी दुजोरा मागवतात, ते यासाठीच.

कन्साइनमेंटमध्ये माल हलतो, मालकी हलत नाही. समूहातल्या दोन कंपन्यांमध्ये माल पाठवला, की मालकी खरोखर हलते, पण समूहाच्या नजरेने काहीच घडलेले नसते. इथे आधी एक फरक ध्यानात घ्यायला हवा. एकाच कंपनीच्या दोन प्लांटमधली पाठवणी आणि दोन कंपन्यांमधली पाठवणी या ईआरपीत जवळजवळ सारख्या दिसतात, कारण दोन्हींची सुरुवात स्टॉक ट्रान्सफर ऑर्डरने होते.

चाकणच्या प्लांटमधून त्याच कंपनीच्या नाशिकच्या प्लांटला गिअरबॉक्स गेले, तर मालक तोच राहतो. किंमत खर्चाच्या आकड्यानेच एका प्लांटमधून दुसऱ्यात सरकते, नफा होत नाही आणि वाटेवरचा माल 'मार्गस्थ साठा' म्हणून कंपनीच्याच पुस्तकात दिसत राहतो. दोन्ही प्लांट एकाच राज्यातल्या एकाच जीएसटी नोंदणीखाली असतील, तर चलनावर भागते. पण तोच माल त्याच कंपनीच्या तामिळनाडूतल्या प्लांटला गेला, तर जीएसटीच्या दृष्टीने दोन राज्यांतल्या दोन नोंदण्या या दोन वेगळ्या व्यक्ती ठरतात. मोबदला नसला तरी तो पुरवठा मानला जातो आणि टॅक्स इन्व्हॉइस काढावे लागते. मालकी न बदलता बिल निघते, नव्या माणसाला कोड्यात टाकणारी गोष्ट आहे ही. अशा वेळी इन्व्हॉइसवरचा आकडा करापुरता असतो. साठ्याची किंमत त्यावरून ठरवायची नसते.

आता दोन कंपन्या घेऊ. चाकणची कंपनी गिअरबॉक्स बनवते आणि त्याच समूहाची होसूरची कंपनी ते गाडीत बसवते. गिअरबॉक्सला चाकणचा खर्च १०,००० रुपये येतो आणि होसूरला तो ११,५०० रुपयांना द्यायचे ठरले आहे. होसूर ४० नगांची ऑर्डर काढते. तिथे चाकण हा पुरवठादार असतो. चाकणमध्ये `643` ने माल बाहेर पडतो आणि त्या क्षणी तिथला साठा ४,००,००० रुपयांनी कमी होतो. मागोमाग दोन कंपन्यांमधले बिल निघते, विक्री ४,६०,०००. होसूरमध्ये `101` ने माल चढतो आणि साठा ४,६०,००० रुपयांनी वाढतो. चाकणचे बिल तिथे खरेदी बिल म्हणून नोंदवले जाते. गिअरबॉक्सला एक खिळाही वाढलेला नाही, पण प्रत्येकाची किंमत दीड हजाराने वाढली. हस्तांतरणाचा हा दर मनाला येईल तसा लावता येत नाही. जीएसटी नियम २८ संबंधित पक्षांमधल्या व्यवहाराला बाजारमूल्य मागतो. मात्र घेणाऱ्याला पूर्ण क्रेडिट मिळणार असेल, तर इन्व्हॉइसवरची किंमतच बाजारमूल्य मानतो.

`643` ची एक खोड आहे. नाशिकच्या उदाहरणात वाटेवरचा माल दिसत होता, इथे तो दिसत नाही. चाकणमधून निघाला म्हणून तिथे नाही, होसूरला पोचला नाही म्हणून तिथेही नाही. एरवी दोन-तीन दिवसांनी काही बिघडत नाही. पण ट्रक ३० मार्चला निघून २ एप्रिलला पोचला, तर ३१ मार्चच्या रात्री ४० गिअरबॉक्स कुणाच्याच साठ्यात नसतात. चाकणने विक्री धरलेली असते, होसूरने खरेदी धरलेली नसते, आणि दोन्ही कंपन्यांचे आपसातले येणे-देणे तेवढ्याच रकमेने जुळत नाही. मालकी फॅक्टरीच्या दारात बदलते की पोच झाल्यावर, हे करारात पाहायचे. दारात बदलत असेल तर होसूरने तो माल मार्गस्थ म्हणून हाताने नोंदवायचा. पोच झाल्यावर बदलत असेल तर चाकणने विक्री मागे घ्यायची. सॅपच्या नंतरच्या आवृत्त्यांत वाटेवरच्या मालाला किंमतीसह धरून ठेवण्याची आणि मालकी बदलण्याचा क्षण नेमून देण्याची सोय आली, पण ती आखून चालू करावी लागते.

वर्षअखेर येते तेव्हा पुढचा प्रश्न उभा राहतो. समजा माल वेळेत पोचला, होसूरने ४० पैकी २५ गिअरबॉक्स गाड्यांत बसवून गाड्या विकल्या आणि १५ उरले. होसूरच्या ताळेबंदात ते १,७२,५०० रुपयांचे आहेत आणि होसूरपुरते ते बरोबरच आहे, कारण तिला ते तेवढ्याला पडले. समूहाला मात्र ते १,५०,००० रुपयांनाच पडले. मधले २२,५०० रुपये हा चाकणचा नफा आहे, पण तो समूहातल्याच खिशातून आला. एकत्रित ताळेबंद बनवताना चाकणची विक्री आणि होसूरची खरेदी एकमेकांतून वजा करायची, आणि साठ्यात लपलेले हे २२,५०० काढून टाकायचे.

आकडेमोड सोपी आहे, माहिती मिळवणे अवघड आहे. होसूर हाच गिअरबॉक्स बाहेरच्या पुरवठादाराकडूनही १२,००० ला घेत असेल आणि तिथे चालत्या सरासरीने किंमत धरत असतील, तर बाहेरचे १० आणि चाकणचे ४० मिळून सरासरी ११,६०० होते. आता उरलेल्या १५ पैकी चाकणचे किती आणि त्यांत नफा किती, हे सरासरी सांगू शकत नाही. मग एकूण साठ्यावर अंदाजी टक्का लावून नफा काढला जातो, आणि ऑडिटरला तो पटवताना दमछाक होते. नीट व्यवस्था हवी असेल तर तीन वाटा आहेत. चाकणच्या मालाला वेगळा बॅच द्यायचा. त्याच वस्तूची उगमानुसार वेगळी किंमत ठेवायची. किंवा सॅपच्या मटेरियल लेजरमध्ये कायदेशीर आणि समूहाची अशा दोन किंमती समांतर चालवायच्या. तिसऱ्या वाटेत होसूरच्या एकाच गिअरबॉक्सवर ११,५०० आणि १०,००० असे दोन्ही आकडे असतात. कंपनीचा ताळेबंद पहिला वाचतो, समूहाचा दुसरा. ही सर्वांत स्वच्छ वाट आहे आणि सर्वांत महागही. प्रणाली बसवतानाच ती निवडावी लागते, कारण चालू साठ्यावर ती नंतर चढवणे म्हणजे मोठा उद्योग होऊन बसतो.

काढून टाकलेले २२,५०० रुपये बुडत नाहीत. पुढच्या वर्षी होसूरने त्या १५ गिअरबॉक्सच्या गाड्या बाहेरच्या गिऱ्हाइकांना विकल्या, की गेल्या वर्षीची वजावट उलटवली जाते आणि रोखून धरलेला नफा समूहाच्या त्या वर्षीच्या नफ्यात येतो.